पान भरा, पत्ता लागू देऊ नका

इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षात उन्हाळी इंटर्नशिप शोधायला निघालात की अडचण एकच असते. सांगण्यासारखं असतं थोडं आणि रेझ्युमेचा कागद असतो ए-फोर. भोळी माणसं जे थोडं आहे तेच नीट सांगतात आणि अर्ध्या पानावर थांबतात. तुम्ही असला वेडेपणा करू नका. पान काठोकाठ भरलं पाहिजे, आणि तुम्ही नेमकं काय केलंत याचा वाचणाऱ्याला थांगपत्ता लागता कामा नये.

सुरुवात ऑब्जेक्टिव्हने. आव्हानात्मक वातावरण, कौशल्यांना वाव, संस्थेची प्रगती आणि त्यासोबत माझीही, हे वाक्य सीनियरकडून जसंच्या तसं घ्यायचं. त्यानेही ते त्याच्या सीनियरकडूनच घेतलेलं असतं; घराण्याची बंदिश आहे, तिला हात लावायचा नसतो. चुकूनही ‘जूनपासून सहा आठवडे, पायथॉनमध्ये डेटा साफ करण्याचं काम हवंय’ असं लिहू नका. आपल्याकडे असं काम आहे की नाही, हे समोरच्याला एका ओळीत ठरवता येईल. इतकं सोपं का करून द्यायचं?

आता मार्क. सीईटीला 88 पर्सेंटाइल असेल तर सरळ ‘88%’ लिहा. पर्सेंटाइल म्हणजे आपल्या मागे किंवा बरोबरीने किती टक्के मुलं आहेत ते, 200 पैकी मिळालेल्या मार्कांशी त्याचा थेट संबंध नाही, हे बारावी झालेल्या प्रत्येकाला ठाऊक असतं. तरी रेझ्युमे वाचणारा नेमका विसरला असेल, अशी आशा ठेवायला काय हरकत आहे? एसजीपीएचे टक्के करायचे झाले तर सरळ 9.5 ने गुणा. हे सूत्र सीबीएसईने दहावीच्या सीजीपीएसाठी दिलं होतं आणि तुमच्या विद्यापीठाचं सूत्र वेगळं असू शकतं, पण गुणाकार सुटसुटीत होतो ना, मग झालं. ‘एसजीपीए 7.8, 10 पैकी, पहिलं सेमिस्टर’ एवढंच लिहिलं तर पडताळायला काही उरतच नाही. निकाल लागलेला नसेल तर ‘निकाल प्रतीक्षेत’ हे दोन शब्द पुरेसे असतात. म्हणूनच त्याऐवजी ‘अपेक्षित 9.2’ लिहायचं. निकाल लागेल तेव्हा लागेल. दहावीचे 94.60 टक्के मात्र सगळ्यात वर, ठळक. कॉलेजात आल्यापासून काही घडलेलं नाही, हे त्यातून आपोआप कळतं.

विषयांची यादी हा पान भरण्याचा हमखास मार्ग. केमिस्ट्री, मेकॅनिक्स, ग्राफिक्स, एम-वन, बेसिक इलेक्ट्रिकल, सगळं लिहा. अर्ज वेबसाइट बनवणाऱ्या कंपनीत असला म्हणून काय झालं, पाण्याचा कठीणपणा टायट्रेशनने काढता येतो हे त्यांनाही कळू दे.

एक मात्र टाळा: विषयापुढे आपण त्यात काय केलं ते लिहिणं. समजा प्रोग्रामिंगच्या विषयात तुम्ही हॉस्टेलच्या मेसचं बिल काढणारा छोटा पायथॉन प्रोग्राम लिहिलाय. तीस मुलांची महिन्याची हजेरी सीएसव्ही फाइलमधून वाचायची, सलग तीन दिवस गैरहजर असेल तर त्या दिवसांचे पैसे वजा करायचे. मग लक्षात आलं, की एखादा 30 तारखेला गावाला जाऊन 2 तारखेला परतला तर त्याची गैरहजेरी दोन फाइलींत विभागली जाते, कुठेच सलग तीन दिवस भरत नाहीत आणि बिचाऱ्याला पूर्ण बिल लागतं. तुम्ही मागच्या महिन्याचे शेवटचे दोन दिवस या महिन्याच्या फाइलीला जोडून तो घोळ निस्तरलात. हे सगळं दोन ओळींत मावतं, आणि धोका तिथेच आहे. वाचणारा म्हणेल, ‘महिनाअखेरचं कसं सोडवलंत?’ तुम्हाला ते येत असल्यामुळे तुम्ही दहा मिनिटं बोलाल. मुलाखत रंगेल. त्यापेक्षा ‘पायथॉन’ लिहून पुढे 90 टक्के भरलेली पट्टी काढा. मग लिस्ट आणि टपलमधला फरक विचारला जाईल, आणि विषय लवकर संपेल.

क्लबांचंही तसंच. चार क्लबांची नावं आणि प्रत्येकापुढे ‘सक्रिय सदस्य’. व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर अंगठा दाखवणं हीही सक्रियताच. टेकफेस्टला नोंदणीच्या टेबलावर बसला असाल तर ‘टेकफेस्टचे आयोजन केले’ असं लिहा. त्याच फेस्टचं आयोजन वर्गातल्या आणखी पन्नास जणांनी केलेलं असेल आणि त्यातल्या काहींचे अर्ज त्याच कंपनीत पोचलेले असतील, पण त्याला नाइलाज आहे.

खरं काय केलं ते सांगायचं झालं तर फार किरकोळ वाटेल. गूगल फॉर्मवर आलेल्या 300 नोंदी, त्यातल्या काही मुलांनी दोनदा भरलेल्या, कारण पहिल्यांदा पैसे भरल्याचा स्क्रीनशॉट अपलोड झाला नव्हता. नावाचं स्पेलिंग दर वेळी निराळं, म्हणून तुम्ही मोबाइल नंबरवरून दुबार नोंदी शोधल्या, पैसे भरलेली नोंद ठेवली आणि आदल्या रात्री स्पर्धानिहाय याद्या छापल्या. ‘300 नोंदींतून मोबाइल नंबरवरून दुबार नोंदी वगळून स्पर्धानिहाय याद्या केल्या’ अशी ओळ वाचली की डेटाचं काम करणारा माणूस थबकतो, कारण त्याचा निम्मा दिवस त्यातच जातो. तेव्हा ही ओळ नकोच.

फिरोदिया करंडक स्पर्धेत बॅकस्टेज केलं असेल तर तेही गाळा. प्रकाशयोजनेची क्यू-शीट हातात धरून एकही क्यू न चुकवता अख्खा प्रयोग काढणं ही काय ‘टेक्निकल’ गोष्ट आहे? त्या जागी दोन तासांच्या वेबिनारचं सर्टिफिकेट टाका. ते कॅमेरा बंद ठेवूनही मिळतं.

मजकूर झाला, आता सजावट. दोन रकान्यांचं टेम्प्लेट घ्या, डावीकडे फोटो, कौशल्यांच्या जागी चिन्हं. अशा पीडीएफमधला मजकूर सॉफ्टवेअरने वाचायला घेतला की कधीकधी डावी-उजवी ओळ एकमेकींत मिसळते आणि ‘पायथॉन 2025 रोबोटिक्स मराठी हिंदी सदस्य छंद’ असं काहीतरी बाहेर पडतं. हे घरबसल्या तपासता येतं: पीडीएफ उघडून Ctrl+A, Ctrl+C, आणि नोटपॅडमध्ये Ctrl+V. ओळी क्रमाने उतरल्या तर ठीक, खिचडी झाली तर एकच रकाना करायचा, आणि काहीच उतरलं नाही तर तुमचा रेझ्युमे म्हणजे निव्वळ चित्र आहे. हे तपासू नका, उगाच रात्र जाईल. तळाशी ‘वरील सर्व माहिती सत्य आहे’ असं प्रतिज्ञापत्र, वडिलांचं पूर्ण नाव आणि जन्मतारीख हवीच. इंटर्नशिपला ते कुणी मागत नाही, पण तीन ओळी भरतात.

फाइलचं नाव Resume_Final_New(2).pdf ठेवा. डाउनलोड फोल्डरमध्ये अशाच नावाच्या आणखी वीस फाइली असतील, त्यांत ती सुखाने नांदेल. ईमेल साठ कंपन्यांना एकदम, सगळ्यांचे पत्ते ‘टू’मध्ये, म्हणजे आपली स्पर्धा किती जणांशी आहे हे त्यांनाही दिसेल. विषयाची ओळ रिकामी. मजकुरात ‘कृपया जोडलेली फाइल पाहावी’, आणि फाइल जोडायची राहिली तर पाठोपाठ दुसरा ईमेल.

मोबाइल नंबर तेवढा बरोबर लिहा, नाहीतर भलत्याच माणसाला त्रास. पण दुपारी अनोळखी नंबरवरून फोन आला तर उचलू नका. क्रेडिट कार्डवालेच असणार.