दुपारच्या डब्याचे तीनशे रुपये का वाढले: डब्याच्या काकूंचं उत्तर

★★ आठ वर्षं यांच्याकडून दुपारचा डबा घेतोय. ३१ जुलैला रात्री दहा वाजता मेसेज आला, उद्यापासून २,६०० चे २,९००. ना कारण, ना आधी सूचना. तूरडाळ उतरली, तेलावरची ड्यूटी सरकारने कमी केली, तरी यांचा दर वरच. जुन्या गिऱ्हाइकाची किंमत शून्य. चव चांगली आहे म्हणून दोन तारे. डबा बंद करायचा विचार आहे.

नमस्कार. तुम्हाला वाईट वाटलं, त्याबद्दल मनापासून माफी मागते. तो रात्रीचा मेसेज खरंच कोरडा होता. भाचीने घाईत टाइप केला, "उद्यापासून नवीन दर, कृपया नोंद घ्यावी" एवढंच. मी वाचला असता तर तसा जाऊ दिला नसता. आठ वर्षांच्या माणसाला असं लिहीत नाहीत.

पण "आधी सूचना नाही" हे मात्र मला मान्य नाही, आणि ते इथे सगळ्यांना दिसतंय म्हणून इथेच सांगते.

१४ जुलैला, सोमवारी, पन्नासही डब्यांत मी चिठ्ठी ठेवली होती. वरच्या पुडात, पोळ्यांच्या फडक्यावर, घडी घालून. ग्रुपवर दुसऱ्या दिवशी तेच टाकलं. ३१ तारखेचा मेसेज ही फक्त आठवण होती. संध्याकाळी डबे परत आले तेव्हा चव्वेचाळीस डब्यांत चिठ्ठी नव्हती, म्हणजे लोकांनी काढून घेतली. सहा डब्यांत तशीच होती. तुमची त्यातली एक. घडीसुद्धा मोडलेली नव्हती, आणि त्या दिवशी मटकीची उसळ होती, तिच्या तर्रीचा नारिंगी डाग कागदाच्या कडेला. मी ती बाजूला काढून ठेवली होती, तुम्हाला फोन करावा म्हणून. मग आषाढातली गडबड, दोन बायका आजारी, राहून गेलं. फोन न करणं ही माझी चूक. पण चिठ्ठी गेली नाही असं म्हणू नका हो.

चिठ्ठीत कारण लिहिलं नव्हतं हे खरं. चिठोरीवर मावेल तेवढंच लिहिलं होतं, जुना दर, नवा दर, तारीख. तर कारण आता लिहिते.

डाळ आणि तेल तुम्ही म्हणता ते बरोबर आहे. पन्नास डब्यांच्या वरणाला मला रोज सव्वा किलो तूरडाळ लागते, डब्यामागे पंचवीस ग्रॅम. मागचा दर मी जून २०२३ ला ठरवला, तेव्हा डाळ मला १४० ने पडत होती, आता ११५ ने पडते. डब्यामागे साधारण साठ पैसे वाचले. ते मी नाकारत नाही. पण मध्ये, २०२४ मध्ये, हीच डाळ पावणेदोनशेच्या घरात गेली होती. तेव्हा वरण पातळ झालं नाही आणि दरही वाढला नाही, आठवून बघा.

तेलाचं असं की सप्टेंबर २०२४ मध्ये खाद्यतेलावरची आयात ड्यूटी वाढली. पंधरा किलोचा सोयाबीन तेलाचा डबा मी १,७०० ला आणत होते, तो २,२०० वर गेला. यंदा मेअखेर जी ड्यूटी उतरली ती कच्च्या तेलावरची, रिफाइंडवरची नाही. माझ्या दुकानदाराचा भाव अजून तरी तिथेच आहे. आमचा तेलाचा एक डबा दहा दिवस पुरतो, म्हणजे पाचशे जेवणं. पाचशे रुपये वाढ, पाचशे जेवणं. डब्यामागे एक रुपया. बस, तेवढंच. ज्या तेलाच्या बातम्या टीव्हीवर महिनाभर चालल्या त्याचा तुमच्या डब्यावर भार एक रुपया आहे. म्हणून तेल उद्या उतरलं तरी मला तुम्हाला एकच रुपया परत देता येईल.

मग अकरा-साडेअकरा रुपये डब्यामागे कुठून आले? (तीनशे भागिले सव्वीस डबे. हिशेब करूनच दर काढलाय.)

सगळ्यात मोठे चार रुपये डबा पोचवणाऱ्याचे. आधीचा मुलगा डब्याला दहा रुपये घेत होता, त्यात सकाळी पोचवणं आणि संध्याकाळी रिकामा डबा आणणं दोन्ही आलं. मार्चमध्ये तो ॲपवाल्यांकडे गेला. नवीन मुलगा चौदाच्या खाली तयार नाही, आणि त्याला मी दोष देणार नाही, पावसात चार मजले चढतो. तुमची लिफ्ट बंद होती त्या आठवड्यातही एकही डबा खाली वॉचमनकडे ठेवला नाही त्याने.

पोळ्या करणाऱ्या दोघी बायका पोळीमागे दीड रुपया घेत होत्या, आता दोन. तुमच्या चार पोळ्या, म्हणून दोन रुपये. गाळ्याचं भाडं दर अकरा महिन्यांच्या करारात दहा टक्क्यांनी वाढतं. चौदा हजार होतं, दोन करारांनंतर सोळा हजार नऊशे चाळीस. महिन्याचे तेराशे डबे धरले तर डब्यामागे सव्वादोन रुपये. भाजी चिरणाऱ्या मावशींना महिना दीड हजार वाढवले, तो एक रुपया आणि वर थोडं. नारळ पंचवीसला मिळायचा तो आता पंचेचाळीसच्या आसपास, आणि मला रोज तीन लागतात, त्याचा सव्वा रुपया. यातून डाळीचे साठ पैसे वजा करा, तेलाचा रुपया मिळवा. अकरा रुपये होतात. मला वर उरतो अर्धा रुपया. त्यात गॅस आणि शेंगदाणे आलेले नाहीत, ते सोडून दिले.

तुमच्या लक्षात आलं असेल की यातला मोठा भाग माणसांचा आणि जागेचा आहे. डाळ-तेल-टोमॅटो वर जातात आणि खाली येतात, ते मी पोटात घालते, गेली दोन वर्षं घातलंच. पण पोळीवालीचा दीडचा दोन रुपया झाला की तो पुन्हा दीड होत नाही, आणि होऊ नये. एवढ्यासाठीच दर वाढवावा लागला.

दुसरा रस्ता होता. या धंद्यात तो बरेच जण घेतात आणि मलाही एकाने सुचवला, दर तोच ठेवा, उंडा लहान करा. आमचा उंडा चाळीस ग्रॅमचा असतो, किलोभर कणकेच्या चाळीस पोळ्या. तो तेहतीसवर आणला तर डोळ्याला कळत नाही, पोळी तेवढीच लाटता येते, फक्त पातळ होते आणि दुपारी दोनपर्यंत कडक. चार पोळ्यांत वाचतात सत्तर पैसे. सत्तर पैशांसाठी तुम्हाला पाच वाजता पुन्हा भूक लागली असती आणि तुम्हाला कळलंही नसतं का लागली. भाजीत बटाटा वाढवा, चारच्या तीन पोळ्या करा, हेही सांगणारे आहेत. कुणी कुठून डबा घेत असेल आणि वजन बघायचं असेल तर पोळी काट्यावर ठेवून बघा. माझी कधीही ठेवा.

आता "जुन्या गिऱ्हाइकाची किंमत शून्य". हे वाचून मी रात्री जेवले नाही, खरं सांगते. नवीन लोकांना २,९०० हा दर १ जुलैपासून लागू आहे. जुन्यांसाठी मी एक महिना थांबले. तेही सोडा. आमच्याकडे महिना तारखेने नाही, डब्यांनी मोजतात. पैसे भरले की सव्वीस डबे, खाडा धरला की तो पुढे. तुमचे जुलैचे नऊ डबे खाड्यांमुळे शिल्लक होते. त्यातले चार खाडे तुम्ही आदल्या रात्री आठच्या आत सांगितले नव्हते, सकाळी साडेनऊला, कणीक भिजल्यावर आणि भाजी फोडणीला पडल्यावर सांगितले. नियमाप्रमाणे ते डबे धरायला हवे होते. मी धरले नाहीत. कधीच धरले नाहीत, आठ वर्षांत. शुक्रवार-शनिवारचे दोन गेले, सात उरलेत, ते सगळे जुन्या दराने. म्हणजे तुम्हाला नवा दर १ ऑगस्टला लागलाच नाही, तो लागेल १२ ऑगस्टला. हे मी कुणाला बोलून दाखवत नाही, पण तुम्ही "उद्यापासून" लिहिलंत म्हणून.

दिव्याच्या अवसेला प्रत्येक डब्यात कणकेचे दोन गोड दिवे आणि वर तुपाची छोटी डबी होती. त्याचा हिशेब कुठे लावला नाही. जाऊ दे.

पुढच्या वेळी चिठ्ठी आत न ठेवता झाकणावर चिकटवीन, आणि जुन्या लोकांना जमेल तसा फोन करीन. कारणही लिहीन, इतकं लांब नाही. ज्यांना चारऐवजी तीनच पोळ्या पुरतात त्यांच्यासाठी कमी दराचा डबा करता येईल का ते बघतेय, अजून नक्की नाही.

दोन तारे राहू द्या, तुम्हाला वाटलं ते तुम्ही लिहिलंत. डबा बंद करायचा असेल तर सात डब्यांचे सातशे रुपये उद्याच परत पाठवते, त्यासाठी विचारायचीही गरज नाही. आणि चालू ठेवणार असाल तर उद्या दुसरा श्रावणी सोमवार आहे. उपासाचा डबा हवा की नेहमीचा, तेवढं आज रात्री आठच्या आत कळवा. साबुदाणा भिजवायचाय.

– डब्याच्या काकू, कर्वेनगर
रविवार, ३ ऑगस्ट २०२५