सरकलेली हनुवटी आणि व्हॉट्सॲपवरचा सल्ला

"दुधाचे दात उलटे बसले तरी घाबरू नका, ते पडणारच आहेत. हनुवटी वाकडी दिसते ती घराण्याची ठेवण असते, वाढीत सरळ होते. आणि ताराच लावायच्या तर बाराव्या वर्षी, सगळे दात आल्यावर, एकदाच लावा."

सांगलीतल्या माझ्या दवाखान्यात हा मेसेज मोबाईलवर उघडून दाखवणारे पालक आता ओळखीचे झालेत. गेल्या वर्षी मिरजेकडून एक आई सात वर्षांच्या मुलाला घेऊन आली, तेव्हाही तो असाच समोर धरला होता. त्या मुलाच्याच तोंडावरून एकेक मुद्दा बघू.

दुधाचे दात पडतात, हे खरं. पण वरचा जबडा अरुंद असला तर तो दातांबरोबर पडत नाही. सहाव्या वर्षाच्या आसपास येणारी पहिली पक्की दाढ त्याच अरुंद कमानीच्या शेवटी उगवते आणि बहुतेक वेळा तीही उलटीच बसते. या मुलाचं तेच झालं होतं. डावीकडे वरच्या दाढा खालच्यांच्या बाहेर असायला हव्यात, त्या आत होत्या. तो साडेचार वर्षांचा होईपर्यंत अंगठा चोखायचा. अंगठा तोंडात असला की जीभ खाली राहते, टाळूला आतून आधार मिळत नाही आणि गाल बाहेरून दाबतात. सर्दी किंवा नाकामागे वाढलेल्या ॲडिनॉइड ग्रंथीमुळे सतत तोंडाने श्वास घेणाऱ्या मुलांतही असंच होऊ शकतं. मेसेजच्या बाजूने एवढं म्हणेन: चोखण्याची सवय तीन-चार वर्षांच्या आत सुटली, तर काही मुलांचा चावा आपोआप सुधारतो. सात वर्षांच्या मुलात मी त्या आशेवर बसत नाही.

आता हनुवटी. आजोबांची हनुवटी तशीच आहे, असं आईने सांगितलं. मी मुलाला आ करायला लावलं. तोंड उघडं असताना खालच्या दोन पुढच्या दातांमधली फट नाकाच्या बरोबर खाली होती. मग म्हटलं, हळू मिट. दुधाचे सुळे एकमेकांच्या टोकांवर टेकले, तो क्षणभर थांबला आणि मग खालचा जबडा सर्रकन डावीकडे गेला. तीन मिलिमीटर. आईनेही ते पाहिलं. ठेवण आजोबांची असती तर तोंड उघडल्यावरही हनुवटी वाकडीच राहिली असती. इथे अरुंद वरच्या जबड्यावर खालचे दात नीट बसत नव्हते, म्हणून चावायला जागा मिळेल तिकडे मूल जबडा सरकवत होतं. प्रत्येक घासाला असंच चाललं की एका बाजूचा सांधा पुढे ओढलेला राहतो, स्नायूंनाही ते वळण पडतं. वाढीची वर्षं अशीच गेली तर आज नुसता सरकणारा जबडा हाडानेच असमान वाढण्याचा धोका असतो.

वरचा जबडा रुंद करायला मी टाळूवर बसणारी प्लेट सुचवली. आई म्हणाली, "डॉक्टर, वाकडं डावीकडे आहे, मग प्लेट दोन्ही बाजूंना का पसरवते?" कारण जबडा दोन्हीकडून सारखाच अरुंद होता. सरकल्यामुळे सगळी चूक एका बाजूला दिसत होती.

राहिलं बारावं वर्ष. लहानपणी टाळूच्या मधला सांधा सहज पसरतो, वय वाढेल तसा तो घट्ट होत जातो आणि मोठेपणी कधीकधी शस्त्रक्रियेची मदत घ्यावी लागते. या मुलाला स्क्रूची काढती-घालती प्लेट दिली. चावीच्या एका पाव फेऱ्याने ती पाव मिलिमीटर उघडते. आठवड्यातून असे दोन पाव फेरे, म्हणजे अर्धा मिलिमीटर. थोडं जास्तीचं धरून सहा मिलिमीटर हवे होते, म्हणून बारा आठवडे. दुधाच्या सुळ्यांची अडणारी टोकं किंचित घासली. मधे दहा दिवस प्लेट मामाच्या गावी डब्यातच राहिली, ती नंतर तोंडात बसेना आणि फेरे मागे घ्यावे लागले. शेवटी फट नाकाखाली आली आणि मिटतानाही तिथेच राहिली. त्यापुढे जवळजवळ सहा महिने तीच प्लेट, चावी न फिरवता, नुसती टिकवण्यासाठी. पुढे दात वेडेवाकडे आले तर तारा लागतीलही, हे मी आधीच सांगितलं होतं.

पुढचा एखादाच पक्का दात खालच्याच्या मागे अडकला असेल तर थांबण्यात आणखी तोटा, कारण समोरच्या खालच्या दाताची हिरडी उतरू लागते. बऱ्याचदा न पडलेला दुधाचा दातच त्याला मागे ढकलत असतो. तो काढून जागा असली तर साध्या स्प्रिंगच्या प्लेटने काही आठवड्यांत काम होतं. पण पुढचे सगळेच दात उलटे असतील तर मी आधी मुलाचा जबडा हळूच मागे नेऊन पाहतो. वरचे-खालचे दात टोकाला टोक येत असले, तर बऱ्याच अंशी तो सरकण्याचा प्रकार. अजिबात येत नसतील आणि घरात कुणाचा खालचा जबडा पुढे असेल, तर ती हाडाची गोष्ट. तिथे वरचा जबडा बाहेरून पुढे ओढणारा फेसमास्क दहा वर्षांच्या आत चांगला लागू पडतो, पण वयात येताना जबडा पुन्हा पुढे जाऊ शकतो. अशा पालकांना मी खात्री देत नाही.