माझा उजवा डोळा, दोनदा

पासपोर्टचा फोटो काढणारा माणूस कलाकार निघाला, तर समजावं आपले दिवस भरले. आमचा फोटोग्राफर तसा आहे. एका घरगुती समारंभाच्या अल्बममध्ये त्याने माझ्या आत्याला इतकं तरुण करून टाकलं होतं की आत्याने तो अल्बम उशाशी ठेवला आणि काकांनी तो पुन्हा उघडला नाही. अशा माणसाच्या हाती मी माझा चेहरा आणि सहा नंबरचा चष्मा सोपवला.

फोटो दोन मिनिटांत निघाला. डाव्या काचेवर छत्रीच्या दिव्याची पांढरी शुभ्र चकाकी आली होती आणि तिच्यामागे माझा डावा डोळा पूर्ण गायब. चकाकी एकाच काचेवर का येते, हे आता मला चांगलं कळतं. फ्रेमला थोडा बाक असतो, त्यामुळे दोन्ही काचा कॅमेऱ्याकडे किंचित वेगवेगळ्या कोनात बघतात. दिवा, काच आणि कॅमेरा यांचा कोन एकीला बरोबर जुळतो, दुसरीला नाही. तेव्हा मात्र मी एवढंच म्हणालो, "पुन्हा काढायचा का?"

"कशाला सर? काढून टाकतो ना."

त्याने खरंच काढून टाकली. माऊस तीन-चार वेळा फिरला आणि पांढऱ्या डागाच्या जागी डोळा उगवला. जाता जाता त्याने हनुवटीवरचा तीळही पुसला, त्याच्या मते तो कचरा होता. डोळ्यांखालची काळी वर्तुळं फिकी केली, गालावरून एक मऊ हात फिरवला. मी इतका टवटवीत दिसत होतो की त्या माणसाला पासपोर्ट द्यायला कोणाचीच हरकत नसावी.

हरकत होती. खिडकीपलीकडच्या मॅडमनी आधी माझ्या अर्जाकडे पाहिलं. 'ओळखीची खूण' या रकान्यात मी इमानेइतबारे लिहिलं होतं : हनुवटीवर तीळ. मग त्यांनी फोटो पाहिला, मग मला पाहिलं, मग पुन्हा फोटो.

"तीळ कुठाय?"

मी स्वतःच्या हनुवटीकडे बोट दाखवलं. त्यांनी फोटोकडे. पुढची काही सेकंदं आम्ही दोघेही बोटं दाखवत बसलो.

मग त्यांनी फोटो स्क्रीनवर मोठा केला. इतका मोठा की मी ज्या चेहऱ्याने आयुष्य काढलं, त्याचा एकेक रंध्र मला प्रथमच भेटला. उजव्या गालावर रंध्रं होती. डाव्या डोळ्याभोवती मात्र एकही नाही, नुसती गुळगुळीत सारवलेली जागा. "हे बघा," त्या म्हणाल्या आणि पेनाचं टोक उजव्या डोळ्यावर ठेवलं. बुबुळात दिव्याचा एक बारीक पांढरा ठिपका होता, बाहुलीच्या डावीकडे. मग टोक दुसऱ्या डोळ्यावर गेलं. तिथे तोच ठिपका बाहुलीच्या उजवीकडे.

"खोलीत दिवे दोन होते का?"

"नाही, एकच छत्री होती."

"मग एका डोळ्याला ती या बाजूला आणि दुसऱ्याला त्या बाजूला कशी दिसली?"

उत्तर उघड होतं. चकाकीखालचा डोळा फोटोत नव्हताच. तिथे नुसता पांढरा रंग नोंदला गेला होता, आणि जे कॅमेऱ्याने टिपलंच नाही ते कोणत्याही सॉफ्टवेअरला खरवडून वर काढता येत नाही. ते कुठून तरी आणून भरावं लागतं. आमच्या कलाकाराने माझा उजवा डोळा उचलला, आरशात धरल्यासारखा उलटा केला आणि डावीकडे चिकटवला. दिव्याचा ठिपकाही बिचारा सोबत उलटला. माझी डावी पापणी जन्मापासून जरा पेंगुळलेली असते, ती फोटोत खडबडून जागी झाली होती.

मॅडम तेवढ्यावर थांबल्या नाहीत. जाड मायनस काचेतून बघितलं की काचेमागचा चेहरा आक्रसतो. कानशिलाजवळ चेहऱ्याची कड काचेच्या आत एकदम नाकाकडे सरकते, एक पायरी पडल्यासारखी दिसते. माझ्या उजव्या काचेत ती पायरी होती. डाव्या काचेत कड सरळ खाली उतरत होती, म्हणजे तिकडे मी साध्या काचेचा चष्मा लावून हौस भागवत असल्यासारखं. डोळा भरल्यावर कडेची उरलेली चकाकी झाकायला त्याने गालाची कातडी आणून लावली होती, आणि कातडीला चष्म्याचा नंबर माहीत नसतो.

"पण मॅडम, चकाकी असती तरी तुम्ही फोटो परतच केला असता ना?"

"हो. तेव्हा सांगितलं असतं, चकाकी आहे, दुसरा काढून आणा. आता सांगते, हा फोटो तुमचा नाही."

घरी येऊन मी यामागची भानगड वाचून काढली, कारण अपमान झाला की माझा अभ्यास चांगला होतो. पासपोर्टचे जागतिक नियम संयुक्त राष्ट्रांच्या नागरी विमान वाहतूक संघटनेच्या ९३०३ क्रमांकाच्या दस्तऐवजात आहेत. चिप असलेल्या पासपोर्टमध्ये आपला फोटो नुसता छापलेला नसतो, चिपमध्येही साठवलेला असतो. विमानतळावरच्या स्वयंचलित फाटकासमोर आपण उभे राहिलो की तिथला कॅमेरा आपला ताजा चेहरा टिपतो आणि चिपमधल्या फोटोशी ताडून पाहतो. दोन चेहरे किती जुळतात याचा आकडा निघतो; आकडा ठरलेल्या रेषेच्या वर गेला तर फाटक उघडतं.

या ताडून पाहण्याची सुरुवातच डोळ्यांपासून होते. यंत्र आधी दोन्ही डोळ्यांची जागा शोधतं आणि त्यांच्या आधाराने चेहरा सरळ करतं, एका मापात आणतं. नाक, ओठ, हनुवटी हे सगळं त्यानंतर. म्हणून तर फोटोत दोन डोळ्यांमध्ये किमान ९० पिक्सेलचं अंतर असावं, अशी अपेक्षा असते. आता एक डोळा हाताने चिकटवलेला, म्हणून चार-पाच पिक्सेल इकडे-तिकडे सरकलेला असेल, तर सगळा चेहराच जरा वाकड्या पायावर मोजला जातो. घराचा पहिला खांब तिरका बसला की वरची एकही खिडकी नीट लागत नाही, तशातला प्रकार.

एका तिळाने किंवा गालावरच्या मऊ हाताने यंत्र लगेच गोंधळून जाईल असं नाही. आकडा थोडासा खाली येईल, इतकंच. जबडा निमुळता केला, डोळे मोठे केले, चेहरा रुंदीला दाबून लांबट केला, तर मात्र तो चांगलाच गडगडतो. मग नियम सरसकट 'काहीच बदलू नका' असं का म्हणतो? कारण खिडकीवरच्या माणसाने रेष आखायची कुठे? थोडासा तीळ चालेल, अर्धा जबडा चालणार नाही? शिवाय फोटो ज्याने बदलला त्याचा हेतू फोटोत दिसत नाही. २०१४ साली इटलीतल्या बोलोन्या विद्यापीठाच्या संशोधकांनी दाखवून दिलं की दोन माणसांचे चेहरे एकमेकांत मिसळून एकच फोटो बनवला, तर चेहरा ओळखणारी यंत्रणा तो दोघांशीही जुळतो असं मान्य करू शकते. म्हणजे पासपोर्ट एक, प्रवासी दोन. जर्मनीने तर १ मे २०२५ पासून नव्या पासपोर्टसाठी कागदी फोटो घेणंच बंद केलं. फोटो एक तर कार्यालयातच काढायचा किंवा मान्यताप्राप्त फोटोग्राफरने तो सुरक्षित मार्गाने थेट पाठवायचा, मध्ये अर्जदाराच्या हाती काही पडायचं नाही. माझ्या आत्याला तरुण करणारा माणूस आणि दोन चेहऱ्यांचा एक करणारा माणूस हत्यारं तीच वापरतात.

मला मात्र दुसरीच एक गोष्ट जास्त टोचली. चकाकीचा फोटो खिडकीवरच परत येतो, नुकसान एका फेरीचं. बेमालूम सुधारलेला फोटो खिडकीवरून सुटला, तर त्याचा हिशेब पुढे होतो. अनेक देशांत मोठ्या माणसाचा पासपोर्ट दहा वर्षं चालतो. म्हणजे दहा वर्षं प्रत्येक फाटकासमोर आपण उभं राहायचं, यंत्राने आपली तुलना उलट्या चिकटवलेल्या डोळ्याशी करायची, फाटक काही उघडायचं नाही आणि मागची रांग आपल्याकडे गुन्हेगाराकडे पाहावं तशी पाहणार. या दृष्टीने मॅडमचे माझ्यावर उपकारच झाले, पण हे मी त्यांना सांगायला गेलो नाही.

फोटोग्राफरला मी सगळी हकिगत सांगितली. त्याने शांतपणे ऐकून घेतलं आणि जुनी फाइल उघडली.

"तीळ परत लावून देऊ का? कुठे होता म्हणालात?"

मी त्याला समजावलं की पुसलेला तीळ परत लावणं हीसुद्धा दुरुस्तीच झाली. मग त्याने दिवे हलवायला घेतले. चकाकीवरचा खरा इलाज तिथेच आहे, माऊसमध्ये नाही : दिवा कॅमेऱ्याजवळून उचलून बाजूला आणि वर न्यायचा, म्हणजे काचेवरून परतलेला उजेड भिंतीवर पडतो, कॅमेऱ्यात नाही. चष्म्याच्या दांड्या कानावरून जराशा उचलल्या की काचा खाली झुकतात, तेवढ्यानेही बऱ्याचदा काम होतं. पण वरची फ्रेम डोळ्यावर येऊ द्यायची नाही. चकाकी चुकवायला मान खाली घालणं तर मुळीच नको. मान पाच अंशांहून जास्त झुकली तर त्यावरून फोटो परत येतो.

हे सगळं झाल्यावर त्यानेच विचारलं, "चष्मा काढूनच टाकला तर?"

सोपा मार्ग तोच होता. अमेरिकेने तर १ नोव्हेंबर २०१६ पासून पासपोर्ट आणि व्हिसाच्या फोटोत चष्म्याला बंदीच घातली आहे. वैद्यकीय कारणाने तो काढता येत नसेल तर डॉक्टरच्या सहीचं पत्र लागतं. चष्मा 'काढणं' म्हणजे खरोखर नाकावरून काढणं, हेही फोटोग्राफरला सांगून टाकलं, कारण त्याचा हात पुन्हा माऊसकडे चालला होता. फोटोतून फ्रेम पुसली तरी आक्रसलेले डोळे आणि कानशिलाची पायरी तिथेच राहतात.

मी चष्मा काढला. जग विरघळलं.

"कॅमेऱ्याकडे बघा सर."

"कॅमेरा कुठाय?"

"समोर."

समोर एक करडा ढग होता आणि एक काळा ढग. मी काळ्याकडे बघितलं. तो फोटोग्राफर निघाला. मग त्याने कॅमेऱ्यावर टकटक केलं, तेव्हा मी आवाजाच्या दिशेने डोळे मिचकावत पाहायला लागलो. मिचकावणं चालत नाही, म्हणून डोळे ताणून उघडले. ताणलेलं चालत नाही, म्हणून ढिले सोडले. शेवटी चेहऱ्यावर काहीच उरलं नाही, तेव्हा त्याने बटण दाबलं.

चष्मा लावून स्क्रीनवर पाहिलं. तीळ जागेवर, वर्तुळं जागेवर, डावी पापणी पेंगुळलेली. नाकाच्या दोन्ही बाजूंना चष्म्याने पाडलेले दोन लालसर खड्डे. फोटोग्राफरने फोटो मापात कापला. तेवढं चालतं. मग बाण हळूहळू खड्ड्यांकडे सरकला.

"अहो!"

"फक्त हे दोन सर, कोणाला कळणार पण नाही."

मी माऊसची वायर उपटली.

"मग यात माझं काम काय राहिलं?" तो खरोखर दुखावला होता. "लोक विचारतील ना, हा फोटो कुठे काढलात म्हणून!"

खाली स्टुडिओचं नाव छापणार नाही या अटीवर त्याने प्रिंट दिली.