आईच्या साठीसाठी लिहिलेले आठ ओळींचे मनोगत

गेल्या महिन्यात आईला साठ वर्षे पूर्ण झाली. औक्षणाच्या साठ दिव्यांनंतर दाखवायला आम्ही भावंडांनी चोवीस फोटोंची दोन मिनिटांची चित्रफीत केली आणि तिच्यावर वाचायचे मनोगत माझ्याकडे आले. मी उत्साहाने तीनशे शब्द लिहिले. सावकाश वाचताना मिनिटाला शंभरएक शब्द होतात, त्यामुळे ते दोन मिनिटांत बसवण्यासाठी मला धावत वाचावे लागले. त्याहून मोठी चूक अशी की, पडद्यावर लग्नाचा फोटो असताना मी लग्नाचेच वर्णन करत होतो, आणि मधल्या जागा ‘त्यागमूर्ती’, ‘मायेचा सागर’ अशा शब्दांनी भरल्या होत्या. ते वाचून बहीण म्हणाली, "दादा, हे कुणाच्याही आईला चालेल." तिचे बरोबर होते.

माझे ठाम मत झाले आहे की अशा मनोगताने फोटोत जे दिसत नाही तेवढेच सांगावे. आमच्या अल्बममध्ये आई फार कमी आहे, कारण पाहुणे जमले की ती स्वयंपाकघरात असे. माझ्या पाचव्या वाढदिवसाच्या फोटोत तिचा फक्त हात आला आहे. तो फोटो धरून मी पुन्हा लिहिले:

"आई, तुझा जन्म विश्वावसु संवत्सरातला, शके 1887 मधला. साठ संवत्सरांचा फेरा पुरा करून शके 1947 मध्ये तेच संवत्सर परत आलं आहे. या फोटोत केक माझा आहे, चेहरा माझा आहे आणि माझ्या हातावर धरलेला हात तुझा आहे. त्या दिवशी पहाटे चारला उठून तू पन्नास माणसांच्या पुऱ्या लाटल्या होत्यास, हे बाबांनी मला आत्ता सांगितलं. फार उशिरा कळलं गं. आज तू पाटावर बस, वाढायला आम्ही आहोत."

हे वाचायला पाऊण मिनिट पुरते. उरलेल्या वेळात हळू आवाजातली सनई ठेवली. पंखा बंद करून, कपड्यांनी भरलेले कपाट उघडून त्याच्यासमोर मी ध्वनिमुद्रण केले, कारण कपडे आवाजाचा घुमारा शोषून घेतात. प्रत्येक फोटो आल्यावर क्षणभर थांबूनच शब्द सुरू केले. थोरल्या माणसांना जुना चेहरा ओळखायला तेवढा अवधी लागतो, आणि ओळख पटण्याआधी कानावर पडलेले वाक्य वाया जाते.

इतर फोटो पाच सेकंद ठेवले, आजीचा मात्र आठ सेकंद. तिथे शब्दही नव्हते आणि सनईही नव्हती, कारण त्या वेळी आईने तिच्या आईकडे पाहावे, माझे ऐकू नये, असे मला मनापासून वाटत होते. त्या शांततेत आई शेजारी बसलेल्या मावशीला म्हणाली, "हे लुगडं अजून माझ्या कपाटात आहे."