माइक लांब धरा, आवाज चढवा, शिट्टी आली की जाळी झाका? तिन्ही नको

“पाहुण्यांची ओळख करून देताना माइक तोंडापासून वीतभर लांब धरा, नाहीतर आवाज फाटतो. मागे ऐकू जात नसेल तर आवाज चढवा. शिट्टी आली की माइकच्या जाळीवर हात ठेवा, लगेच थांबते.”

या सल्ल्यातलं आधी अंतराचं बघू. पोडियमला लावलेला वाकता, बारीक दांड्याचा माइक संवेदनशील असतो, त्याच्याशी वीतभरावरून बोललेलं चालतं. हातात धरायचा माइक मात्र जवळून बोलण्यासाठीच बनवलेला असतो. जाळी ओठांपासून दोन-तीन बोटांवर, म्हणजे पाचेक सेंटिमीटरवर हवी. तोच माइक 20 सेंटिमीटरवर नेला की त्याच्यापर्यंत पोचणारा आवाज सुमारे 12 डेसिबलने घटतो. ही तूट भरून काढायला साउंड ऑपरेटर मिक्सरवर गेन, म्हणजे माइकचा आवाज किती मोठा करायचा ते प्रमाण, वाढवतो. त्यासरशी हॉलमधला प्रतिध्वनी, पंख्याची घरघर आणि स्पीकरमधून परत येणारा आवाजही तेवढाच वाढतो आणि शिट्टीची तयारी होते.

ओळख करून देणारा बहुधा त्या माइकवर पहिला बोलतो, त्यामुळे आणखी एक घोळ होतो. त्याच्यासाठी गेन वाढवलेला असतो आणि पाहुणे नेमके माइक जवळ धरून बोलणारे निघतात. मग त्यांचं पहिलंच वाक्य श्रोत्यांच्या कानावर आदळतं.

आवाज फाटण्याची भीती खोटी नाही, पण तिचा उपाय लांब जाणं हा नव्हे. प, फ, ब, भ म्हणताना तोंडातून निघणारा हवेचा झोत थेट जाळीवर बसला की ‘भप्प’ असा आवाज येतो. माइक ओठांसमोर न धरता हनुवटीजवळ, किंचित खाली धरा आणि त्याचा रोख तोंडाकडे ठेवा. झोत वरून निघून जातो, आवाज मात्र पोचतो. फार जवळून बोलल्याने आवाज जड, घुमल्यासारखा येत असेल तर एखादं बोट मागे या, तेवढं पुरतं.

आवाज चढवण्याचा सल्ला मला सगळ्यांत घातक वाटतो, कारण त्यात बळी जातो तो पाहुण्यांच्या नावाचा. ओरडताना स्वर मोठे होतात, व्यंजनं त्या प्रमाणात वाढत नाहीत, आणि शब्द ओळखू येतो तो बराचसा व्यंजनांवरून. घुमणाऱ्या हॉलमध्ये तर तुम्ही जितकं मोठ्याने बोलाल तितकाच घुमारा मोठा होतो. तिथे वेग कमी करा, वाक्यं लहान ठेवा, आणि नावाच्या आधी व नंतर क्षणभर थांबा, म्हणजे मागच्या शब्दाचा घुमारा नावावर पडत नाही. मोठ्याने बोलल्यावरच आवाज चरचरत असेल तर यंत्रणेची मर्यादा संपली आहे असं समजा आणि आवाज उतरवा. चरचर मधूनमधून, वायर हलली की येत असेल तर दोष वायरमध्ये किंवा जोडणीत आहे. अशा वेळी माइक स्थिर धरा आणि वायर ताणू देऊ नका.

अनेकदा यंत्रणा ठीक असूनही नाव ऐकू जात नाही. समजा, पाहुणे तुमच्या डावीकडे बसले आहेत. “आता मी विनंती करतो” इथपर्यंत सगळं स्पष्ट ऐकू येतं. मग तुम्ही आदराने डावीकडे वळता आणि नाव घेता, पण माइक सरळच राहतो. तोंड बाजूला गेल्यामुळे नेमकं नावच पुसट होतं. वर आडनाव पूर्ण व्हायच्या आत तुम्ही टाळ्या सुरू केलेल्या असतात. माइक हातातला असेल तर तो हनुवटीजवळच ठेवून डोक्यासोबत वळवा. पोडियमचा असेल तर आधी पाहुण्यांकडे बघा, मग समोर तोंड करून नाव घ्या. टाळ्या पूर्ण नाव उच्चारून झाल्यावर, आणि माइक धरलेल्या हातावर दुसरा हात आपटून नव्हे.

आता जाळी झाकण्याविषयी. मंचावरचे बहुतेक माइक समोरचा आवाज जास्त आणि मागचा कमी पकडतात. त्यासाठी जाळीच्या मागच्या बाजूने हवा आत जाण्याच्या वाटा ठेवलेल्या असतात. हात ठेवला की त्या बुजतात, माइक चहूकडचा आवाज पकडू लागतो आणि शिट्टी बहुधा वाढते. मूठ दांड्यावरच हवी. बिनतारी माइकमध्ये अँटेना बहुधा दांड्याच्या खालच्या टोकाला असते, तेव्हा तेही मुठीत घेऊ नका. शिट्टी आलीच तर स्पीकरच्या समोरून बाजूला किंवा मागे सरका, माइकचं तोंड स्पीकरकडे करू नका आणि ऑपरेटरला हाताने ‘कमी करा’ अशी खूण करा.

माइक अगदीच बंद पडला तर तो ठोकत बसू नका. खाली ठेवा, दोन पावलं पुढे या, परिचय तीन वाक्यांवर आणा आणि नाव शेवटी, सावकाश, शेवटच्या रांगेकडे बघून घ्या.