‘खिचडी’वाल्या प्रतिक्रियेला उत्तर

मराठी-इंग्रजी मिसळून केलेल्या थट्टेवरच्या माझ्या लेखावर ही प्रतिक्रिया आली:

> «धड मराठी येत नाही म्हणून ही मुलं भाषांची खिचडी करतात आणि तिला विनोद म्हणतात. लेखही पसरट. आधी स्वतः चार ओळी शुद्ध लिहून दाखवा.»

मतभेद असू शकतात, पण ‘लिहून दाखवा’ हा सूर मला शाळेतल्या बाकावर उभं केल्यासारखा वाटला. मी गिरगावच्या चाळीत वाढलो, दहावीपर्यंत मराठी माध्यमात शिकलो आणि अकरावीत पहिल्यांदा इंग्रजीसमोर घाम फुटला. तेव्हा मराठीचा दाखला माझ्याकडे मागू नका.

दर दुसरा शब्द सवयीने इंग्रजी फेकणारी मुलं आहेत, हे मान्य. त्यात विनोद नसतोच. सगळंच मिसळलेलं असलं की भाषा बदलल्याचा धक्का बसणार कुठून?

आता आमच्या ग्रुपमधलं एक वाक्य घ्या. रविवारी सकाळी सगळे शिवाजी पार्कात जमलेले, आणि नुकताच टीम लीड झालेला एक पठ्ठ्या अजून घरीच. ग्रुपवर मेसेज पडला: “वी रिग्रेट टू इन्फॉर्म यू की चिरंजीवांची आंघोळ अजून पेंडिंग आहे.”

सुरुवात नोकरी नाकारणाऱ्या ईमेलची. ती यातल्या प्रत्येकाने कधी ना कधी पोटात गोळा येऊन वाचलेली आहे. मग लग्नपत्रिकेतले ‘चिरंजीव’ येतात, म्हणजे साहेबांना आणखी वर चढवलं. आणि तिथून थेट आंघोळ! इथे एचआरचा आवाज जातो आणि दारावर थाप मारणारी आई येते. ‘हिज बाथ इज पेंडिंग’ म्हटलं असतं तर आई आलीच नसती. अख्खं वाक्य सरकारी मराठीत लिहिलं तरी हसू येईल, पण ते कचेरीचं; याच्या बढतीला टोचणार नाही. आणि मराठी कच्ची म्हणता, तर ‘चिरंजीवांची’ची षष्ठी आणि शेवटचं ‘आहे’ बघा. ‘की’पासून पुढे वाक्य मराठीच चालवते, ‘पेंडिंग’ तिच्या हाताखाली काम करतं. हे जमायला दोन्हीकडचे रीतिरिवाज माहीत असावे लागतात.

त्याचं उत्तर आलं: “डिअर टीम, गिझरकडून अप्रूव्हल आलेलं नाही.” तो त्याच सुरात खेळला, म्हणजे चिमटा बरोबर बसला. साधं “येतोय, थांबा” असं कोरडं एका भाषेत आलं असतं, तर लागलंय हे ओळखून आम्ही गप्प बसलो असतो. ज्याचं इंग्रजी अडखळतं त्याच्या उच्चारांची नक्कल केली की असंच कोरडं उत्तर येतं. ती थट्टा नव्हे, हिणवणं आहे, आणि त्याची बाजू मी कधीच घेतलेली नाही.

पसरटपणाबद्दल म्हणाल, तर स्क्रोल करायला अंगठा पुरतो. आणि शुद्ध चार ओळी? वर मोजून घ्या, मला वाटतं जास्तच भरतील.