खोट्याच्या कपाळी टी

लेकीच्या वहीत चारपैकी दोन ओळींवर लाल फुल्या होत्या, आणि त्या दोन्ही ओळी मी सांगितलेल्या. बारावीचा तर्कशास्त्राचा धडा, `p → q` चं, म्हणजे 'जर p तर q' चं ट्रुथ टेबल: वाक्य खरं तर टी, खोटं तर एफ. वरच्या दोन ओळी तिच्या तिनेच लिहिल्या: दोन्ही विधानं खरी तर टी, पहिलं खरं, दुसरं खोटं तर एफ. पुढे पहिलं विधानच खोटं निघालं, तिथे ती अडली. मी पेपरातून मान वर न करता म्हणालो, "मुळातच खोटं, तर पुढे कसलं खरं? खोट्याच्या कपाळी गोटा! दोन्हीकडे एफ मार."

"बाबा, दोन्हीकडे टी हवा होता."

पंचवीस वर्षं बँकेत काढलेला माणूस मी. खोट्या कागदावर 'मंजूर' कसं लिहू?

तेवढ्यात आई आतून म्हणाली, "कावळा ओरडतोय गं, कोणीतरी येणार."

लेकीने तेच वाक्य उचललं. "आजी, तू खोटी कधी ठरशील?"

"कावळा ओरडला आणि कोणी आलं नाही, तर."

"आणि कावळा गप्प असताना आत्या टपकली तर?"

"मग माझं काय चुकलं? कावळ्याशिवाय कोणी येतच नाही, असं मी कुठे म्हटलं?"

"कावळाही नाही, आत्याही नाही?"

"तेव्हाही मी खोटी नाही. वर पोहे वाचले."

मी हार मानली नाही. "खोटी नाही, कबूल. पण खरी तरी कुठे? तिथे 'लागू नाही' लिहा." लेक म्हणाली, इथे रकाने दोनच, खरं नाहीतर खोटं. मग तिने विचारलं, "संख्या १० पेक्षा मोठी असेल तर ती ५ पेक्षा मोठी असते. हे कुठल्याही संख्येला खरं ना?" खरंच. "आता ७ घ्या. पहिलं खोटं, दुसरं खरं. ३ घ्या, दोन्ही खोटी. तुमच्या टेबलाने ७ ला आणि ३ ला हे वाक्यच खोटं पडतं."

शिवाय माझं टेबल तपासलं तर ते 'आणि'चं, `p ∧ q` चं निघालं. शेवटच्या ओळीत तेवढा टी दिला, तर अर्थ होतो 'कावळा ओरडला तरच, आणि ओरडला की नक्की'. उलट तिसऱ्या ओळीत टी नि चौथीत एफ दिला, तर नुसता `q` उरतो. कावळा ओरडला काय, न ओरडला काय, सारखंच. 'जर-तर'साठी उरतात ते दोन टी.

हा नियम मांडला मेगाराच्या फायलो या ग्रीक तत्त्वज्ञाने, सुमारे २३०० वर्षांपूर्वी. त्याचे गुरू डायोडोरस यांनाही तो पटला नव्हता, हे वाचून मला जरा बरं वाटलं. कॅलिमाकस नावाच्या कवीने तर लिहून ठेवलंय, की कुठलं जर-तर खरं यावर छपरावरचे कावळेसुद्धा कावकाव करतात.

आमचा सकाळी करून गेला होता. रात्री दहापर्यंत कोणी आलं नाही. म्हणजे दुसरी ओळ, आईला एफ.

"दिवस कुठे संपलाय अजून?" आई म्हणाली, आणि तिने पोहे निवडायला घेतले.